मार न लागता उठलेला काळानिळा डाग

चौतीस वर्षांची एक शिक्षिका संध्याकाळी दवाखान्यात आली. "डॉक्टर, मला कुठे लागलेलंच नाही हो, तरी हे बघा," असं म्हणत तिने बाही वर केली. दंडावर दहा रुपयांच्या नाण्याहून मोठा काळानिळा डाग होता. तसेच दोन मांडीवर होते आणि एक पाठीवर. तीन आठवड्यांपासून नवे डाग उठत होते. सासूबाईंनी उष्णता म्हणून सब्जाचं पाणी सुरू केलं होतं. जावेचं मत होतं की रक्त कमी झालंय, म्हणून रोज बीट आणि डाळिंब चालू होतं. मेडिकलमधून लोहाच्या गोळ्याही आणल्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी मनापासून काळजी घेतली होती, पण तीन आठवडे निघून गेले होते.

"रक्त कमी झालं की असे डाग उठतात"

हा समज मला जवळजवळ रोज ऐकू येतो. रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं. त्याने थकवा येतो, धाप लागते, चेहरा फिका पडतो, पण डाग उठत नाहीत. डाग म्हणजे कातडीखाली सांडलेलं रक्त. बारीक रक्तवाहिनी फुटली की ते भोक बुजवायला आधी प्लेटलेट धावतात, एकमेकींना चिकटतात, आणि मग रक्तातली प्रथिनं त्यावर जाळं विणून गुठळी पक्की करतात. हे काम हिमोग्लोबिनचं नाही. उलट लोह कमी असलेल्या अनेकांच्या प्लेटलेट नेहमीपेक्षा वाढलेल्या दिसतात.

डेंग्यूच्या साथीपासून आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, तेही चूक आहे. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. प्लेटलेट हे त्यांच्याहून कितीतरी लहान, वेगळे कण आहेत. नाव चुकलं की रिपोर्टमधला चुकीचा आकडा पाहिला जातो, म्हणून हे सांगितलं.

"लागलं नाही, म्हणजे नक्की काहीतरी मोठं आहे"

बहुतेक वेळा तसं नसतं. पलंगाचा कोपरा, बसमधल्या सीटची कड, खांद्यावरची जड पिशवी, मांडीवर उड्या मारणारं मूल, असे धक्के आपण लक्षात ठेवत नाही. बायकांच्या मांड्यांवर आणि खेळत्या मुलांच्या नडग्यांवर एखाददुसरा डाग असणं अगदी नेहमीचं आहे. तो निळा-जांभळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. सांडलेलं हिमोग्लोबिन मोडताना जी रंगद्रव्यं तयार होतात, त्यांचे हे रंग. हिरव्या-पिवळ्या रंगाने घाबरू नये, तो डाग जिरत असल्याची खूण आहे.

सत्तरीतल्या आजोबांच्या मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला गडद जांभळे चट्टे येतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वयाने तिथली कातडी कागदासारखी पातळ झालेली असते आणि रक्तवाहिन्यांना आधार उरलेला नसतो. असे चट्टे सहसा हिरवे-पिवळे न होता तपकिरी खूण ठेवून जातात. त्यांच्या प्लेटलेट तपासल्या तर व्यवस्थित निघतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, स्टेरॉईड आणि गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामकं यांनीही डाग वाढतात. मात्र हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने डाग दिसले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारावं.

मग शिक्षिकेच्या बाबतीत मला वेगळी शंका का आली? पहिलं कारण जागा. पाठ, पोट, छाती इथे रोजचे धक्के बसत नाहीत, तिथला डाग बोलका असतो. दुसरं म्हणजे संख्या आणि वेग. जुने जिरायच्या आत नवे उठत होते. तिसरी गोष्ट तिने स्वतःहून सांगितली नव्हती, विचारल्यावर कळली. या वेळची पाळी नऊ दिवस चालली होती आणि सकाळी दात घासताना तोंडातून रक्त येत होतं. कातडीखाली रक्त येतंय आणि आणखी एखाद्या जागेहूनही येतंय, ही जोडी कधीही सोडून देऊ नये.

अजून चालायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावरचा डाग मात्र नेहमीच तपासायला हवा, तो एकच असला तरी. ते बाळ स्वतः कुठे आपटत नसतं.

"पायावर घामोळं आलंय"

तिच्या घोट्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पसरले होते. घरी त्याला घामोळं समजून पावडर लावली होती. मी काचेची पट्टी ठिपक्यांवर दाबली. घामोळ्याची किंवा पित्ताची लाली दाबली की फिकी होते, कारण तिथलं रक्त वाहिनीतच असतं आणि दाबाने बाजूला सरकतं. हे ठिपके जसेच्या तसे राहिले. म्हणजे रक्त वाहिनीबाहेर आलेलं होतं. असे ठिपके घोट्यांपाशी आधी दिसतात, कारण उभं राहिल्यावर तिथल्या बारीक वाहिन्यांवर सर्वांत जास्त दाब असतो. हे घरीही करता येतं. पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यांवर टेकवून दाबा आणि काचेतून पाहा. ठिपके खाजतही नाहीत, दुखतही नाहीत, म्हणूनच दुर्लक्षित राहतात.

त्याच संध्याकाळी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 12.1. पांढऱ्या पेशी 7,200. प्लेटलेट 11,000. निरोगी माणसात हा शेवटचा आकडा दीड लाख ते साडेचार लाख असतो. साधारण पन्नास हजारांच्या वर असताना आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो. वीस-तीस हजारांच्या खाली गेलं की ठिपके आणि डाग दिसू लागतात. दहा हजारांच्या आसपास मात्र धोका खरा असतो.

"मशीनने आकडा दिला म्हणजे तो खराच"

इथे मी एक पायरी कधीच गाळत नाही. तपासणीसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून पुंजके करतात. मशीन पुंजका मोजत नाही आणि आकडा भलताच कमी येतो. माणूस ठणठणीत, अंगावर एक ठिपका नाही आणि रिपोर्टमध्ये वीस हजार, असं असेल तर आधी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावं आणि निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावं. या एका तपासणीने कितीतरी नाहक भीती टळते.

शिक्षिकेच्या काचपट्टीवर पुंजके नव्हते. प्लेटलेट खरोखरच थोड्या होत्या आणि त्यातल्या काही आकाराने मोठ्या, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या होत्या. बाकीच्या पेशी नेहमीसारख्या होत्या.

"प्लेटलेट इतक्या कमी, म्हणजे रक्ताचा कॅन्सरच"

तिच्या नवऱ्याने दाराआड मला हेच विचारलं. भीती समजण्यासारखी आहे, कारण रक्ताच्या कॅन्सरमध्येही प्लेटलेट कमी होतात. पण तिथे या पेशी तयार करणारी हाडांतली मज्जाच बिघडलेली असते, त्यामुळे सहसा हिमोग्लोबिन घटतं, पांढऱ्या पेशी फार वाढतात किंवा फार कमी होतात आणि काचपट्टीवर अपक्व पेशी दिसतात. जोडीला रेंगाळणारा ताप, हाडांचं दुखणं, वजन घटणं, मानेत किंवा काखेत गाठी असू शकतात. इथे यातलं काहीही नव्हतं. प्लीहा वाढलेली नव्हती, एचआयव्ही आणि हेपटायटिस सीच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, नवं औषध कोणतंच चालू नव्हतं. हा आयटीपी होता. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट परक्या समजून नष्ट करते.

हे कसं कळलं, ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1950 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शरीरात घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर ठिपके आणि डाग उठले. काही दिवसांनी त्या पूर्ववत झाल्या. मज्जेचा कारखाना ठीक आहे, माल बाहेर पडल्यावर कुणीतरी तो नष्ट करतंय आणि तो नष्ट करणारा घटक रक्तातच आहे, हे त्यातून उघड झालं.

म्हणूनच बीट-डाळिंबाने इथे काही साधत नाही. पपईच्या पानांच्या रसाबद्दलही तेच. डेंग्यूतून बरं होताना प्लेटलेट आपोआपच वाढतात आणि श्रेय रसाला जातं. आयटीपीतला हल्ला त्याने थांबत नाही आणि उपचाराला उशीर होतो.

तिला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड रोज 40 मिलिग्रॅम, चार दिवस दिलं आणि साखर व रक्तदाबावर लक्ष ठेवलं. पाचव्या दिवशी प्लेटलेट 48,000 झाल्या, महिन्याने 1,60,000. मोठ्या माणसांत हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून ती ठरावीक दिवसांनी तपासायला येते. लहान मुलांत तो बऱ्याचदा सर्दी-तापानंतर येतो आणि बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत आपसूक जातो.

"प्लेटलेट भरपूर आहेत, मग काळजी नाही"

प्लेटलेट कितीही असल्या तरी त्या जखमेला चिकटाव्या लागतात, आणि चिकटवणारं प्रथिन कमी असेल तर नुसत्या संख्येचा उपयोग होत नाही. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरने 1926 मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाचं वर्णन केलं. त्यांच्याकडे पाच वर्षांच्या ज्या मुलीला आणलं होतं, ती पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. या आनुवंशिक आजाराला आज त्यांचंच नाव आहे.

सौम्य स्वरूपात तो आपल्याकडेही आहे आणि बायकांत वर्षानुवर्षं ओळखलाच जात नाही. पाळीला सात-आठ दिवस, गुठळ्या पडणं, लहानपणी घोणा फुटणं, दाढ काढल्यावर रात्रभर रक्त येणं, सहज डाग उठणं. आई म्हणते, "आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं," आणि विषय संपतो. खरं तर तिचं हेच वाक्य निदानाकडे नेणारं असतं. नेहमीची रक्ततपासणी यात पूर्ण नॉर्मल येऊ शकते. या प्रथिनाची स्वतंत्र तपासणी मागावी लागते. ताण, आजारपण किंवा गरोदरपण असताना त्याची पातळी वाढते, त्यामुळे ती कधीकधी पुन्हा करावी लागते. निदान झालं की पाळीत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी देण्यासाठी चांगली औषधं आहेत.

असे डाग उठत असतील तर तपासणी होईपर्यंत कमरेत सुई टोचून घेऊ नका, स्नायूत रक्त साचतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन दुखण्यावर घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. डागांना तेल लावून चोळू नका. तोंडात आतून रक्ताचे काळे फोड दिसले, नाकातलं रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, शौचाला डांबरासारखं काळं झालं, डागांसोबत जोराची डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी असली, किंवा ताप असताना दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके पसरू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.