वाचून न येणाऱ्या अभ्यासगटासाठी नवे नियम: निरोप कसा लिहावा

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. निबंध आणि सामान्य अध्ययनाचे चार पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे, आता लिहून सोडवायचे असतात. लिहिलेलं उत्तर दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, म्हणून अभ्यासिकांमधून चारपाच जणांचे गट जमतात. पहिले काही रविवार उत्साहात जातात. मग एकेक जण ठरलेला भाग न वाचताच यायला लागतो.

असा एक गट डोळ्यांसमोर ठेवू या. पाच जण, दर रविवारी सकाळी दोन तास. ठरलेला भाग दोघांचाच वाचून होतो. ते दोघे उरलेल्या तिघांना समजावून सांगतात, त्यातच वेळ संपतो आणि उत्तरलेखन राहून जातं. यातून गट नकळत एक गोष्ट शिकतो: न वाचता गेलं तरी तयार नोट्ससारखं सगळं ऐकायला मिळतं. वाचून आलेल्यांना मात्र काहीच नवं मिळत नाही. म्हणून ‘प्लीज सगळ्यांनी सिरियसली घ्या’ असा निरोप कितीही कळकळीने लिहिला तरी एकच रविवार टिकतो. निरोपाने बैठकीची रचना बदलायला हवी.

लिहायला बसण्याआधी कारण शोधा. दोघांशी तरी वेगवेगळं, समोरासमोर बोला. ‘का वाचत नाहीस?’ असं विचारलं तर समोरचा सफाई देतो. ‘या आठवड्यात कुठपर्यंत पोचलास?’ असं विचारलं तर खरं कळतं. बहुतेक वेळा दोन गोष्टी निघतात. भाग अवाढव्य ठरलेला असतो, किंवा तो गुरुवार-शुक्रवारी ठरतो आणि नोकरी करून अभ्यास करणाऱ्याच्या हातात एक संध्याकाळ उरते. हा दोष न वाचणाऱ्याचा नाही, गटाचा आहे. तो दुरुस्त न करता नियम लावले तर ते पाळलेच जाणार नाहीत.

एकच जण सतत न वाचता येत असेल तर गटावर निरोप टाकूच नका. त्याच्याशी चहाला बसून बोला. एकासाठी लिहिलेला निरोप पाचही जण ओळखतात, आणि ज्याच्यासाठी लिहिला तो दुखावतो.

आता निरोपाची वेळ. बैठक फसली त्याच दुपारी रागाच्या भरात लिहू नका. सोमवारी संध्याकाळी पाठवा, म्हणजे आठवडा हाताशी राहतो.

सुरुवातीला काय घडतंय तेवढंच सांगा. नाव नको, विशेषण नको. ‘काही जणांना गांभीर्य नाही’ या वाक्यावर वाद होतो. ‘गेल्या तीन बैठकांत उत्तरलेखन झालं नाही’ यावर होत नाही.

त्यानंतर नियम, आणि ते तीनच. त्यात एक नियम असा हवा की कोण वाचून आलंय हे कुणी कुणाला न विचारताच दिसेल. अख्ख्या निरोपाचा जीव याच नियमात आहे. उदाहरणादाखल निरोप असा होईल:

‘नमस्कार सगळ्यांना. गेल्या तीन रविवारी बराच वेळ समजावण्यात गेला आणि उत्तरलेखन राहिलं. भाग मोठा असतो आणि उशिरा ठरतो, हेही बोलण्यातून कळलं. म्हणून पुढचे चार रविवार असं करून पाहू या का?

१. पुढच्या रविवारचा भाग सोमवारी रात्रीपर्यंत ठरेल. तीन-चार तासांत वाचून होईल एवढाच घ्यायचा.

२. रविवारी बरोबर ९ वाजता पुस्तकं बंद. दहा मिनिटांत एका प्रश्नाचं १५० शब्दांत उत्तर लिहायचं, मग वह्या अदलाबदल करून तपासायच्या.

३. वाचन झालं नसेल तर शनिवारी रात्री ९ पर्यंत इथे “झालं नाही” एवढंच लिहा, कारण नको. तरीही या. पहिला तास बाजूला बसून वाचा, दुसऱ्या तासाला चर्चेत या.

या रविवारी: पंचायतराज, संविधानाचा भाग ९ आणि अकरावी अनुसूची. पेसा कायदा पुढच्या वेळी.

यातलं काय जमणार नाही, काय बदलावं, ते बुधवारपर्यंत प्रत्येकाने लिहा.’

भाग कसा नेमून दिलाय ते पाहा. ‘पंचायतराज करून या’ म्हटलं तर एक जण बलवंतराय मेहता समितीपासून सुरू करतो, दुसरा ७३वी घटनादुरुस्ती चाळतो, तिसऱ्याला कुठून धरावं तेच कळत नाही. हद्द आखून दिली की वाचन संपल्याचं समजतं. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा १९९६चा कायदा, मुद्दाम बाहेर ठेवलाय. तो जोडला असता तर भाग पुन्हा फुगला असता.

दहा मिनिटांच्या उत्तराला ‘अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पंचायतींकडे प्रत्यक्षात किती सोपवले जातात? चर्चा करा’ असा प्रश्न चालेल. ज्याने वाचलंय त्याला २९ विषयांपैकी काही नावं आठवतात, ते सोपवणं राज्य विधिमंडळाच्या कायद्यावर अवलंबून आहे हे तो लिहितो, निधी आणि कर्मचाऱ्यांच्या अडचणीवर येतो. ज्याने वाचलेलं नाही तो ‘लोकशाहीत ग्रामपंचायत महत्त्वाची आहे’ इथेच अडतो. वही शेजाऱ्याच्या हातात गेली की बोलून दाखवण्याची गरजच उरत नाही. प्रश्न मात्र दर वेळी वेगळ्या सदस्याने काढावा, नाहीतर एक जण कायमचा मास्तर होऊन बसतो.

इथे हमखास एक सूचना येते: न वाचणाऱ्याने पन्नास रुपये द्यावेत, किंवा सगळ्यांना नाश्ता. ही टाळा. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अभ्यासकांनी तिथल्या काही पाळणाघरांत उशिरासाठी छोटा दंड लावून पाहिला. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही कमी झाले नाहीत. आधी वाटणाऱ्या संकोचाची जागा पैशाने घेतली होती. पन्नास रुपये टाकले की न वाचण्याची मोकळीक विकत मिळते. बाजूला बसून वाचण्याच्या नियमात तसं होत नाही, कारण त्या तासात राहिलेलं कामच पूर्ण होतं.

निरोपावर नुसते अंगठे आले तर त्याला होकार समजू नका. अंगठा देणाऱ्याने निरोप शेवटपर्यंत वाचलाय की नाही हेही कळत नाही. बुधवारी आठवण करा: ‘तिसरा नियम तुम्हाला जमेल ना?’ कुणी वेळ बदलायला सांगितली तर शक्यतो बदला. स्वतः सुचवलेली दुरुस्ती माणूस पाळतो.

खरी परीक्षा पहिल्याच रविवारी होते. कुणीतरी न वाचता येतो, वर ‘थोडक्यात सांग ना, पाच मिनिटांत’ म्हणतो. सांगू नका. शांतपणे ‘दुसऱ्या तासाला बोलू’ म्हणा आणि प्रश्न वाचायला घ्या. त्या दिवशी सूट दिली तर नियम तिथेच संपतो. आपण स्वतः वाचून गेला नसाल तर आधी आपण बाजूला बसा.

चौथ्या रविवारी शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि कोणता नियम चालला, कोणता नाही, ते बोला. एखाद्याला दर आठवड्याला वाचणं खरोखरच जमत नसेल तर त्याला गट सोडण्याची मोकळी वाट द्या. मैत्री तुटायचं कारण नाही. तिघे उरले तरी वह्यांची अदलाबदल व्यवस्थित चालते.