छोटं बाथरूम : इंच कुठे जातात?

आपल्या उंब्रजसारख्या गावात जुन्या घरातच संडास-बाथरूम एकत्र करायचं म्हटलं, की जागा निघते जेमतेम ४ बाय साडेसात फूट. एकत्रित संडास-बाथरूमसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेचं किमान क्षेत्र २.८ चौरस मीटर आहे. तेही साधारण एवढंच भरतं. त्यामुळे इथे एकेक इंच मोजावा लागतो.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. माप विटेपासून नाही, तयार भिंतीपासून धरायचं. गिलावा आणि टाइल्स मिळून प्रत्येक बाजूला साधारण १ इंच जातो. म्हणजे ४८ बाय ९० इंचांचे राहतात ४६ बाय ८८.

आता मांडणी बघू. दार अरुंद बाजूला आहे असं धरा. अगदी आतल्या टोकाला शॉवरसाठी ३६ इंच, मध्ये कमोडला ३०, दाराजवळ बेसिनला २२. झाले ८८. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५ इंच हवेतच, नाहीतर कोपर भिंतीला किंवा बेसिनला लागतं. म्हणून कमोडचा मध्य आतल्या तयार भिंतीपासून ५१ इंचांवर येतो.

खरी अडचण कमोडच्या समोर येते. तिथे निदान २१ इंच मोकळे पाहिजेत. २७ इंच लांबीचं कमोड घेतलं तर कागदावर ४८ मधून २७ वजा, २१ उरतात. हिशोब बरोबर वाटतो. प्रत्यक्षात ४६ मधून १९च उरतात आणि गुडघे अवघडतात. २४ इंचांचं कमोड घेतलं तर २२ मिळतात. म्हणून कमोड आधी निवडा, पाइप नंतर टाका. ड्रेनेजचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर हवं, हेही त्या कमोडवरच ठरतं. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी घसरून पडलं तरी ते उघडता येतं.

उंची मात्र तयार फरशीपासून मोजायची. बेसिनची कड ३२ इंच, कमोडची सीट १६ ते १७, घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर १८. शॉवरचा कॉक साडेतीन फूट, शॉवर पावणेसात फुटांच्या आसपास. बादलीचा नळ २ फुटांवर ठेवा, म्हणजे बादली खाली सहज बसते. पहिलीतल्या पोरासाठी बेसिन खाली घेऊ नका. दोन वर्षांत ते उंच होतं. तोवर पाट किंवा स्टूल द्या.

प्लंबरने कच्च्या जमिनीपासून ३२ मोजले आणि नंतर ३ इंच कोबा-फरशी चढली, तर बेसिन २९ वर येतं आणि मोठ्यांना रोज वाकावं लागतं. म्हणून पाइप फोडण्याआधी गवंड्याकडून चारही भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर ३ फुटांवर लेव्हलची रेघ मारून घ्या. मग बेसिनची कड रेघेच्या ४ इंच खाली, नळ १ फूट खाली. टाइल्स लागण्यापूर्वी ही मापं टेपने स्वतः तपासा. त्यानंतर बदल करायचा तर भिंत फोडावी लागते.