बोटाखाली झाकलेला अवयव

बारावीच्या संकलनात आंशिक अपूर्णांक येतात, तेव्हा बहुतेक विद्यार्थी A आणि B शोधण्यासाठी समीकरणांची जोडी मांडतात आणि पानभर आकडेमोड करतात. छेदातले अवयव रेषीय आणि एकमेकांपासून वेगळे असतील, तर एवढा खटाटोप लागत नाही. हे उदाहरण पाहा:

(x + 7) / [(x − 1)(x + 3)] = A/(x − 1) + B/(x + 3)

A हवा असेल तर डावीकडच्या छेदातला (x − 1) बोटाने झाका आणि उरलेल्या राशीत x = 1 ठेवा, कारण झाकलेला अवयव याच किमतीला शून्य होतो. मिळतात 8/4, म्हणून A = 2. आता (x + 3) झाका आणि x = −3 ठेवा. 4/(−4), म्हणून B = −1. उत्तर तयार.

ही रीत ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो पुढे तारखात्याच्या कामात शिरला. विद्युतमंडलांची अवकल समीकरणे तो बीजगणितासारखी सोडवत असे. त्या पद्धतीत असा एकेक सुटा अपूर्णांक म्हणजे एकेक घातांकी फल असते, त्यामुळे हे सहगुणक झटपट हाती येणे त्याच्या फार उपयोगाचे होते.

बोट नेमके करते काय? मूळ समीकरणाला दोन्ही बाजूंनी (x − 1) ने गुणले की

(x + 7)/(x + 3) = A + B(x − 1)/(x + 3)

असे होते. x = 1 ठेवताच B चे पद नाहीसे होते आणि A एकटा उरतो. इथे चौकस विद्यार्थी विचारतो की x = 1 ला मूळ राशीला अर्थच नाही, मग ती किंमत ठेवायची कशी? शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्याशिवाय ही रीत शिकवू नये असे मला वाटते. छेद काढून टाकला की x + 7 = A(x + 3) + B(x − 1) उरते. ही दोन बहुपदींची समानता आहे. ती 1 आणि −3 सोडून x च्या प्रत्येक किमतीला खरी आहे, आणि अगणित ठिकाणी जुळणाऱ्या बहुपदी सगळीकडेच जुळतात. म्हणून 1 लाही ती खरीच.

आता छेदात (x − 1) चा वर्ग आणू:

(x + 7) / [(x − 1)²(x + 3)] = A/(x − 1) + B/(x − 1)² + C/(x + 3)

(x − 1)² पूर्ण झाकून x = 1 ठेवले की B = 2 मिळतो. (x + 3) झाकून C = 4/16 = 1/4. पण A साठी एकच (x − 1) झाकला, तर दुसरा छेदात उरतो आणि समोर 8/0 येते. A इथे झाकून मिळत नाही. तो वेगळ्या वाटेने काढावा लागतो: दोन्ही बाजूंना x ने गुणून x खूप मोठा होऊ द्या. डावी बाजू शून्याकडे जाते, उजवीकडे A + C उरतो. म्हणून A = −1/4. x² + 1 सारखा न फुटणारा वर्गअवयव आला तरी वास्तव संख्यांत ही रीत अडते, कारण त्याला शून्य करणारी वास्तव किंमतच नसते.

या दोन्ही ठिकाणी रीत उघडपणे अडते, त्यामुळे धोका कमी. खरा धोका अंशाची कोटी छेदाच्या कोटीइतकी किंवा तिच्याहून जास्त असते तिथे आहे. x² / [(x − 1)(x + 3)] घ्या. झाकून A = 1/4 आणि B = −9/4 सहज मिळतात, कुठेही शून्याने भाग जात नाही. तरीही x = 0 ठेवून पाहा: डावीकडे 0, उजवीकडे −1/4 − 3/4 = −1. गंमत म्हणजे A आणि B दोन्ही बरोबर आहेत! भागाकार केल्यावर उरणारी बाकी −2x + 3 आहे, आणि x = 1 व x = −3 या किमतींना ती x² इतकीच भरते. राहून गेला तो भागाकार 1. पूर्ण उत्तर 1 + (1/4)/(x − 1) − (9/4)/(x + 3) असे आहे. संकलनात हा 1 विसरला तर उत्तरातून x हे अख्खे पद गळते.

म्हणून बोट ठेवण्याआधी अंश आणि छेद यांची कोटी पाहा, आणि शेवटी छेद शून्य न करणारी एक सोपी किंमत, बहुधा x = 0, दोन्ही बाजूंना ठेवून ताळा घ्या.