जुन्या प्रश्नपत्रिकेचा सराव की चालू परीक्षेचे उत्तर?

मे २०२४ मध्ये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या एम.बी.ए. प्रथम सत्राच्या प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वीच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरल्याचे उघडकीस आले. विद्यापीठाला परीक्षा रद्द कराव्या लागल्या आणि पुढे पोलिसांनी एका खासगी महाविद्यालयातील संगणकचालकाला व काही विद्यार्थ्यांना अटक केली. प्रश्नपत्रिका फोडणारे कोण होते, हा तपासाचा विषय होता. परंतु या प्रकरणातून आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो पोलिसांपेक्षा शिक्षकांच्या अधिक जवळचा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या विद्यार्थ्याने दोन-तीन गणिते पाठवून ‘सर, एवढे सोडवून द्या’ अशी विनंती केली, तर तो जुन्या प्रश्नपत्रिकेचा सराव करीत आहे की उद्याच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे मिळवीत आहे, हे ओळखायचे कसे?

इंदूरमध्ये हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भंवरकुआं परिसरातील शिकवणी वर्गांभोवती स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची एक वसाहतच उभी आहे आणि तेथील शिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर शंकांची छायाचित्रे दिवसरात्र येत असतात. गोव्यातही २०२५ मध्ये विद्यापीठातील प्रश्नपत्रिकांच्या कथित चोरीच्या प्रकरणाने परीक्षांच्या गोपनीयतेची चर्चा घरोघरी नेली. तेव्हा या कसोट्या आपल्याही उपयोगाच्या आहेत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की प्रश्नाच्या मजकुरावरून काहीही ठरत नाही. परीक्षक वर्षानुवर्षे त्याच अभ्यासक्रमावर प्रश्न काढतात. २०१९ चा प्रश्न आणि आजचा प्रश्न यांत आकड्यांखेरीज फारसा फरक नसतो. घाई, अर्धवट वाक्ये किंवा पडद्याचे तिरके छायाचित्र यांवरही विसंबता येत नाही. आज सराव परीक्षाही संगणकावर, घड्याळ लावून दिल्या जातात. त्यामुळे कोपऱ्यात उलटी मोजणी चालू असलेला पडदा सरावाचाही असू शकतो. अशा खुणांवरून विद्यार्थ्यावर संशय घेणारा शिक्षक प्रामाणिक मुलांना दुखावतो आणि हुशारीने छायाचित्र कातरून पाठवणाऱ्याला मात्र सोडून देतो.

छायाचित्रावर दिसणारी वेळही पुरावा ठरत नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण जून २०२४ च्या यूजीसी-नेट परीक्षेचे आहे. १८ जून रोजी दोन सत्रांत ही परीक्षा झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले होते. प्रश्नपत्रिकेचे एक छायाचित्र परीक्षेपूर्वीच टेलिग्रामवर आल्याचे दिसत असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी संपूर्ण परीक्षा रद्द करण्यात आली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात आढळले, की ते छायाचित्र पहिल्या सत्रानंतरचे होते आणि पेपर आधीच फुटल्याचे भासावे म्हणून त्यात फेरफार केलेला होता. बनावट वेळेने जर परीक्षा रद्द होऊ शकते, तर उलट दिशेने, आजचा प्रश्न जुना भासवणे त्याहून सोपे आहे. वरचा मथळा कापला की वर्ष नाहीसे होते.

मग भरवसा कशावर ठेवावा? दोन गोष्टींवर. एक, प्रश्न आपल्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर किती वाजता आला. ही वेळ पाठवणाऱ्याच्या हातात नसते. दोन, त्या विषयाची परीक्षा कधी आहे. हे वेळापत्रक सार्वजनिक असते. प्रश्न आला त्या वेळी परीक्षा चालू असेल किंवा व्हायची असेल, तरच पुढचा विचार करण्याची गरज उरते. परीक्षा होऊन गेली असेल, तर त्याच पत्रिकेवर कितीही चर्चा केली तरी बिघडत नाही.

परीक्षा चालू असतानाचा प्रसंग त्यामानाने सोपा आहे. नीट ही परीक्षा २०२४ मध्ये दुपारी दोन ते पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत होती. समजा, त्या दिवशी चार वाजता एखाद्या शिक्षकाकडे जीवशास्त्राचे प्रश्न आले असते. पाठवणारा म्हणतो, की गेल्या वर्षीच्या पत्रिकेतील आहेत. शिक्षकाने वाद घालू नये, आरोप करू नये. इतकेच सांगावे, की सहा वाजता समजावून देतो. सराव करणाऱ्या मुलाचे दोन तासांनी काहीही बिघडत नाही. तो तोवर दुसरे प्रश्न सोडवील. परीक्षागृहातील उमेदवारासाठी किंवा त्याच्या बाहेरच्या साथीदारासाठी मात्र सहा वाजता मिळालेल्या उत्तराची किंमत शून्य असते. हीच खरी कसोटी आहे. ती प्रामाणिक विद्यार्थ्याकडून अत्यल्प मोल घेते आणि अप्रामाणिक माणसाचा संपूर्ण हेतू निष्फळ करते. शिवाय समोरचा कोण आहे हे ठरवण्याची जबाबदारीच ती आपल्यावरून काढून घेते.

त्याच वर्षी राजस्थानातील सवाई माधोपूर येथील एका केंद्रावर चुकीच्या माध्यमाच्या पत्रिका वाटल्या गेल्या. काही उमेदवार पत्रिका घेऊन बाहेर पडले आणि चारच्या सुमारास ती समाजमाध्यमांवर आली. त्या क्षणी देशभरातील उमेदवार परीक्षागृहात होते. म्हणजे एखादी पत्रिका उघड्यावर दिसते आहे, एवढ्याने ती ‘जुनी’ होत नाही. शेवटच्या केंद्रावरील शेवटचा उमेदवार बाहेर येईपर्यंत ती चालू परीक्षेचीच पत्रिका असते.

या कसोटीची पहिली मर्यादा अनेक सत्रांच्या परीक्षांमध्ये दिसते. जेईई मेन किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा अनेक दिवस चालतात. सकाळी परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी प्रश्न आठवून विचारतो, तेव्हा त्याचे स्वतःचे काम संपलेले असते. तो खराखुरा शंकाच विचारीत असतो. पण तेच प्रश्न संध्याकाळच्या किंवा परवाच्या सत्रातील मुलांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच कर्मचारी निवड आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये चालू परीक्षांतील प्रश्नांची समाजमाध्यमांवर चर्चा वा विश्लेषण करण्याविरुद्ध जाहीर ताकीद दिली. येथे ‘सहा वाजता’ ऐवजी ‘सर्व सत्रे संपल्यावर’ असे म्हणावे लागते आणि प्रामाणिक मुलाला कित्येक दिवस थांबावे लागते. हा अन्याय लहान असला, तरी तो मान्य करूनच चालावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे आणि ती थेट इंदूरच्या प्रकरणाकडे नेते. परीक्षेच्या आदल्या रात्री थांबायला सांगणे म्हणजे खऱ्या अभ्यासू मुलाला नेमक्या गरजेच्या वेळी परत पाठवणे होय. त्या रात्री जुन्या पत्रिका, शिकवणी वर्गांचे ‘संभाव्य प्रश्न’ आणि फुटलेली पत्रिका या तिन्ही गोष्टी एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात, एकाच नावाने फिरत असतात. पाठवणाऱ्या मुलालाही आपल्या हातात काय आहे हे ठाऊक नसण्याचा संभव असतो. अशा वेळी दोन साध्या गोष्टी कराव्यात.

पहिली म्हणजे, पूर्ण पान मागावे. विद्यापीठाच्या जुन्या पत्रिकेच्या शिरोभागी परीक्षेचा महिना, वर्ष आणि विषय छापलेला असतो. ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातील मुलांकडून पत्रिका घेणाऱ्याजवळ ते पान असतेच. पान नसणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, पण मग दुसऱ्या उपायाकडे वळावे.

दुसरा उपाय म्हणजे आकडे बदलून शिकवणे. समजा, प्रश्न असा आला: स्थिर खर्च २,४०,००० रुपये, प्रति नग विक्री किंमत ५० रुपये, प्रति नग बदलता खर्च ३० रुपये, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी किती नग विकावे लागतील? शिक्षकाने याचे उत्तर न देता वेगळे उदाहरण घ्यावे. स्थिर खर्च १,५०,०००, किंमत ४०, बदलता खर्च २५. प्रत्येक नगामागे १५ रुपये उरतात. हे १५ रुपये स्थिर खर्च भरून काढतात. म्हणून १,५०,००० ला १५ ने भागावे, उत्तर १०,००० नग. समजून घेणारा विद्यार्थी स्वतःच्या प्रश्नाकडे परत जातो, ५० मधून ३० वजा करून २० काढतो आणि १२,००० नग हे उत्तर मिळवतो. कदाचित तो पुढे विचारील, की किंमत कमी केली तर नग का वाढतात. जो केवळ उत्तराच्या शोधात आहे, तो मात्र म्हणतो, ‘हे नको, माझ्याच आकड्यांचे सांगा’ आणि लगेच त्याच क्रमाने पुढचा प्रश्न पाठवतो. संपूर्ण पत्रिका क्रमाने, फक्त उत्तरांसाठी आणि शिरोभागाविना येऊ लागली, तर तेथे थांबावे आणि ती विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांच्या नजरेस आणावी.

हा उपायही सर्वत्र चालत नाही. निबंधवजा प्रश्नांत बदलायला आकडे नसतात. तेथे विषयाची मांडणी समजावता येते, पण तीच उद्या उत्तर म्हणून लिहिली जाऊ शकते. फुटलेल्या पत्रिकेचा असा थोडासा लाभ कोणाला तरी होईल, हे टाळता येत नाही. तो टाळण्यासाठी आदल्या रात्री सर्वांनाच शिकवणे बंद करणे हा त्याहून मोठा तोटा आहे.

या भेदाला कायद्याचाही आधार आहे. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार सार्वजनिक परीक्षा चालू असताना अनधिकृत व्यक्तीने एका प्रश्नाचे उत्तर पुरवणे हाही गैरप्रकार ठरतो आणि त्यासाठी तीन ते पाच वर्षांचा कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे व बँक भरती, राष्ट्रीय परीक्षा संस्था यांसारख्या केंद्रीय परीक्षांपुरता आहे. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा त्यात येत नाहीत. मध्य प्रदेशात त्यांसाठी १९३७ चा मान्यताप्राप्त परीक्षांचा जुना कायदा आहे. या केंद्रीय कायद्यात ‘परीक्षा चालू असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच शिक्षक. तीन तास आधी गुन्हा आणि तीन तासांनंतर अध्यापन. म्हणून प्रश्न कोणता आहे यापेक्षा तो केव्हा आला आणि विचारणारा थांबायला तयार आहे का, हे आधी पाहावे.