तेल टिकते म्हणजे काय?

'घ्या ताई, हे तेल चांगलं टिकतं,' असे दुकानदार म्हणतो, तेव्हा त्याच्या वाक्यातला 'टिकतं' हा शब्द जरा उलटून पाहावा. तेलाला दोन ठिकाणी टिकायचे असते : एक कढईत, आचेवर आणि दुसरे डब्यात, महिनोन्‌महिने. कढईत टिकणारे तेल डब्यातही टिकेलच असे नाही. कधी कधी तर नेमके उलटे असते.

आधी कढईतले पाहू. तेल तापत गेले की एका क्षणी त्यातून सतत निळसर धूर निघू लागतो. त्या तापमानाला धूम्रबिंदू म्हणतात. तिथून पुढे तेल मोडू लागते आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. आपले तळण साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसला चालते. रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे 225 अंशांपर्यंत धुरत नाही आणि रिफाइंड करडई तर 250 च्याही पुढे जाते. घाण्याचे शेंगतेल मात्र 160 च्या आसपासच धूर सोडू लागते, कारण त्यात दाण्याचे बारीक कण आणि सुटी आम्ले राहिलेली असतात. रिफायनिंगमध्ये ती निघून जातात. म्हणून घाण्याचे तेल मंद आचेच्या फोडणीला आणि चटणीवर घ्यायला उत्तम; रमजानमधली भजी असोत की दिवाळीची चकली, मोठ्या तळणासाठी रिफाइंड बरे.

आता डब्यातले. इथे शत्रू आग नव्हे, हवा. हवेतला प्राणवायू तेलाशी संयोग पावतो आणि त्यातून खवटपणा येतो. हा संयोग किती लवकर होईल, हे तेलातल्या लिनोलेइक आम्लावर बरेच अवलंबून असते. नेहमीच्या करडई तेलात ते जवळजवळ तीन चतुर्थांश असते, शेंगतेलात साधारण एक तृतीयांश आणि खोबरेल तेलात अगदी नाममात्र. म्हणून धूम्रबिंदूच्या परीक्षेत पहिली येणारी करडई साठवणीत मागे पडते, आणि 175 अंशांच्या आसपास धुरणारे घाण्याचे खोबरेल कोरडे ठेवले तर महिनोन्‌महिने राहते. करडईचे तेल महिन्याभरात संपेल एवढेच आणावे.

खवटपणा हळूहळू वाढत नाही. तेलातले ई जीवनसत्त्व आधी स्वतः खर्ची पडून तेलाला वाचवते. तोवर वास येत नाही. ते संपले की मग आठ-पंधरा दिवसांत तेल बिघडते. म्हणूनच जुन्या तेलात नवे ओतू नये. जुन्यातली सुरू झालेली बिघाडाची साखळी नव्यालाही ओढते. बुधली रिकामी झाली की गरम पाण्याने व साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावी.

एक उदाहरण घेऊ. एका घरात महिन्याला 3 लिटर शेंगतेल लागते आणि ते 15 लिटरचा पत्र्याचा डबा आणतात. डबा फोडून त्यातूनच रोज तेल काढले, तर चार महिन्यांनी तळाशी 3 लिटर तेल आणि त्यावर 12 लिटर हवा असते. तीही रोज नवी. त्याऐवजी डबा फोडला त्याच दिवशी नरसाळ्याने 3-3 लिटरची पाच भांडी गळ्यापर्यंत भरावीत आणि झाकणे घट्ट लावावीत. मग एका वेळी एकच भांडे उघडे राहते. पाचवे उघडाल तेव्हा त्यातल्या तेलाने फारशी हवा पाहिलेलीच नसते.

भांडे स्टीलचे किंवा गडद काचेचे असावे. पारदर्शक बाटलीतून उजेड आत जातो आणि बिघाडाला वेग देतो. तशी बाटली असेल तर ती बंद कपाटात ठेवावी. तांबे आणि लोखंड हाही बिघाड वाढवतात, म्हणून कल्हई नसलेले पितळेचे भांडे आणि आतून गंजलेला डबा नको. आणि शेगडीवरची फळी तर मुळीच नको. तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो.

ओळखायचे कसे? दोन थेंब तळहातावर चोळून हुंगावेत. जुन्या अक्रोडासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर तेल गेले. बाटलीच्या गळ्याशी चिकट, धुऊनही न निघणारा थर दिसला, तर तीही खूणच. असे तेल पुन्हा तापवून सुधारत नाही.

तळून उरलेल्या तेलाचा धूम्रबिंदू आधीच खाली आलेला असतो. ते गार झाल्यावर गाळून वेगळे ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवावे. मूळ भांड्यात ते परत ओतले, तर उरलेले चांगले तेलही हातचे जाते.