‘खोकं रिकामं होतं’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय लिहावं?

‘पार्सल मिळालं, पण खोकं रिकामं होतं. पैसे परत करा.’ सोबत उघड्या खोक्याचा एक फोटो. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन घरून माल पाठवणाऱ्याला असा निरोप आला की राग येणारच. तरीही तो पहिल्या उत्तरात उतरू देऊ नये. माल वाटेत चोरीला गेला असेल, किंवा भरतानाच राहिला असेल. ग्राहक खोटं बोलतोय हे अजून ठरायचं आहे, आणि तुम्ही आज लिहिलेलं उद्या बँकेसमोर किंवा ग्राहक आयोगासमोर वाचलं जाऊ शकतं.

समजा, पुण्याच्या एका विक्रेतीने तांब्याची घागर नागपूरला पाठवली. घागर 1,400 ग्रॅमची, खोकं आणि कागद मिळून 280 ग्रॅम. म्हणजे पार्सल 1,680 ग्रॅमचं. तिचं पहिलं उत्तर असं असावं:

‘नमस्कार ताई. हे वाचून काळजी वाटली, मी लगेच चौकशी सुरू करते. कृपया खोकं आणि आतला कागद टाकू नका. खोक्याच्या सहाही बाजूंचे, पत्त्याच्या चिठ्ठीचा आणि चिकटपट्टीचा जवळून काढलेला फोटो पाठवा. पार्सल कोणी घेतलं आणि कधी उघडलं तेही कळवा. उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तोही पाठवा. कुरिअरकडून वजनाची नोंद मागवली आहे, दोन दिवसांत कळवते.’

यात आरोप नाही, पैसे देण्याची कबुलीही नाही. खरा ग्राहक हे फोटो बहुधा लगेच देतो, कारण त्यालाही माल कुठे गेला ते हवं असतं. खोकं कचऱ्यात गेलं असं उत्तर आलं तर संशय वाढतो, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

खरं काम वजन करतं. स्पीड पोस्टच्या पावतीवर पार्सलचं वजन छापलेलं असतं. बऱ्याच खासगी कुरिअर कंपन्या आपल्या केंद्रात पार्सल पुन्हा तोलतात आणि मागितल्यास ती नोंद मिळू शकते. नागपूरच्या केंद्रातही 1,680 भरलं असेल, तर घागर तिथवर पोचली होती. तिथे 280च्या आसपास भरलं असेल, तर ती पुण्याहून निघाल्यावर वाटेत गेली, किंवा खोक्यात पडलीच नव्हती. अशा वेळी ग्राहकाला पैसे परत द्यावेत आणि भांडण कुरिअरशी करावं.

इथे एक फसगत होते. कुरिअरच्या बिलावरचं वजन पुष्कळदा आकारमानावरून काढलेलं असतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000ने भागायचं. तिचं खोकं 30, 25 आणि 20 सेंटिमीटरचं असेल, तर बिलावर 3 किलो येतील, आणि तेच खोकं रिकामं पाठवलं तरी 3 किलोच येतील. असं बिल पुरावा म्हणून पुढे केलं की समोरचा ते सहज खोडून काढतो. काट्यावरचं प्रत्यक्ष वजनच मागावं.

नागपूरच्या नोंदीत 1,680 निघालं. फोटोंत तळाची आणि बाजूंची पट्टी विक्रेतीचीच, तिच्या नावाची, कुठेही न कापलेली. खोकं फक्त वरून, एकदाच उघडलेलं. वाटेत चोरी झाली असती तर बहुधा दुसऱ्या पट्टीचा थर किंवा फाटलेली कड दिसली असती. आता दुसरं उत्तर:

‘ताई, पार्सल पुण्यात 1,680 ग्रॅम होतं आणि नागपूरच्या केंद्रातही तेवढंच भरलं. रिकामं खोकं 280 ग्रॅमचं असतं. तुमच्या फोटोंत माझी पट्टी शाबूत आहे. दोन्ही नोंदी जोडल्या आहेत. या आधारावर मला पैसे परत करता येणार नाहीत. डिलिव्हरीच्या वेळी काही घडलं असं वाटत असेल तर कुरिअरकडे लेखी तक्रार करा, मी माझी सगळी कागदपत्रं देईन.’

शेवटचं वाक्य सौजन्यापुरतं नाही. केंद्रापासून दारापर्यंतचा टप्पा वजनाच्या नोंदीत येत नाही, म्हणून ती वाट मोकळी ठेवणं न्यायाचं आहे. उत्तरात ‘खोटं’ हा शब्द नको, आणि ग्राहकाचं नाव-पत्ता चारचौघांत टाकणं तर मुळीच नको.

कार्डाने पैसे दिले असतील तर ग्राहक बँकेकडे तक्रार करून ते परत मागू शकतो. तेव्हा पेमेंट कंपनी विक्रेत्याला उत्तरासाठी ठरावीक मुदत देते, आणि ती चुकली की पैसे गेलेच म्हणायचे. ‘पार्सल पोचलं’ ही नोंद तिथे पुरत नाही, कारण ते पोचल्याचं ग्राहकही मान्य करतोय. वजनाच्या दोन्ही नोंदी लागतात. शिवाय वजन म्हणजे घागरच, हेही दाखवावं लागतं, कारण तेवढ्याच वजनाचा दगडही असू शकतो.

म्हणून महागडी वस्तू पाठवताना ती काट्यावर ठेवण्यापासून पट्टी लावून पत्त्याची चिठ्ठी चिकटेपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्यावा आणि मूळ फाइल फोनमध्ये जपावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातली मूळ माहिती गळते. प्रकरण आयोगात गेलं तर या फाइलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडण्याची तयारी ठेवावी.