सात दिवसांची प्रत, सहा महिन्यांचं भाडं

समजा, एका छोट्या सीए ऑफिसचा सगळा डेटा २०० जीबी आहे. रोज रात्री त्याचा पूर्ण बॅकअप घ्यायचा, शेवटच्या सात प्रती ठेवायच्या आणि त्याआधीच्या पुसायच्या, अशी तिथली पद्धत. ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेहमीच्या साठवणुकीचा, म्हणजे ‘एस३ स्टँडर्ड’चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रातला दर जीबीमागे महिना ०.०२३ डॉलर आहे. ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’चा दर मात्र फक्त ०.०००९९ डॉलर. सात प्रतींचे १,४०० जीबी धरले, तर ३२ डॉलरचं काम दीड डॉलरच्या आतच भागेल, असं वाटतं.

प्रत्यक्षात बिल येतं सुमारे ३६ डॉलरचं.

याचं कारण दरपत्रकाच्या तळटिपेत असतं. डीप आर्काइव्हमध्ये ठेवलेल्या प्रत्येक फाइलचं किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. भाड्याच्या घराच्या करारात लॉक-इन काळ असतो, तसंच हे. फाइल आठव्या दिवशी पुसता येते, कोणी अडवत नाही; पण उरलेल्या दिवसांचे पैसे त्याच महिन्याच्या बिलात लागतात. २०० जीबीच्या एका प्रतीचं सहा महिन्यांचं भाडं सुमारे १.१९ डॉलर. अशा तीस प्रती दर महिन्याला तयार होतात. ऑफिसकडे प्रती सातच असतात, पैसे मात्र १८० प्रतींचे जातात.

हा दर परवडतो तो एकदा ठेवून हात न लावण्याच्या डेटासाठी. वरच्या दरांनी नुसत्या साठवणुकीचा हिशेब केला, तर आठ दिवसांपेक्षा कमी काळ ठेवायच्या फाइलला स्टँडर्डच स्वस्त पडतं. इतर कंपन्यांचे नियमही असेच आहेत: अझूरच्या आर्काइव्हला १८० दिवस, गूगल क्लाउडच्या आर्काइव्हला तर ३६५ दिवस.

फसगत बहुधा ‘डिलीट’ न दाबताच होते. जुन्या प्रती आपोआप काढणारा नियम लावलेला असतो, आणि त्यानं पुसलेल्या फाइललाही शुल्क लागतं. व्हर्जनिंग बंद असताना त्याच नावाची नवी फाइल चढवली, तर जुनी पुसली गेली असंच धरतात.

ॲमेझॉनच्या सविस्तर बिलात ही रक्कम `EarlyDelete-GDA` अशा नावाच्या ओळीत दिसते. ती दिसली म्हणून घाईनं सगळं पुसून उपयोग नाही, कारण उरलेल्या काळाचं शुल्क तरीही लागेल. आधी रोजचे बॅकअप स्टँडर्डकडे वळवावेत आणि आर्काइव्हमध्ये वर्षानुवर्षं ठेवायची महिनाअखेरची किंवा आर्थिक वर्षाची प्रत तेवढी पाठवावी. आधीच तिथं गेलेल्या प्रती १८० दिवस पूर्ण झाल्यावर काढल्या, तर वेगळं शुल्क पडत नाही.